१५जी आणि १५एच: एफडीच्या व्याजाबद्दल फिरणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकतंय

‘फॉर्म १५जी नाहीतर १५एच बँकेत एकदा भरून टाका, मग एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतच नाही. दोन्ही फॉर्म एकच, फक्त साठीच्या आत आणि साठीनंतर एवढाच फरक. विसरलात तर मार्चमध्ये दिला तरी बँक कापलेले पैसे परत देते.’

आधी एक खुलासा. इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक आणि फॉर्म बदलतात, म्हणून त्यापुढच्या वर्षासाठी जुना छापील फॉर्म न वापरता बँक देईल तोच घ्यावा.

हा फॉर्म म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेलं स्वयंघोषणापत्र: या वर्षी माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, तेव्हा व्याजातून टीडीएस कापू नका. त्याने फक्त कपात थांबते. व्याज करपात्र असेल तर ते करपात्रच राहतं, आणि बँकेने कळवलेला व्याजाचा आकडा आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतो. घोषणाही त्या एका आर्थिक वर्षापुरतीच. पाच वर्षांची एफडी असली तरी दर एप्रिलला नवा फॉर्म, आणि एफडी दोन बँकांत असतील तर दोन्हीकडे वेगळा. सगळ्यांना तो लागतो असंही नाही. साठीच्या आतल्या खातेदाराचं एका बँकेतलं सगळ्या शाखांचं मिळून वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेलं, तरच बँक १० टक्के टीडीएस कापते. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. त्याखाली फॉर्म न देताही काही कापलं जात नाही.

सगळ्यात महाग पडते ती मेसेजच्या दुसऱ्या वाक्यातली चूक. १५एचला एकच अट आहे: अंदाजे एकूण उत्पन्नावरचा कर शून्य हवा. कलम ८७ए ची करसवलत धरून तो शून्य होत असेल तरी चालतं. २०१९ मध्ये फॉर्ममध्येच तशी सुधारणा झाली. १५जीला मात्र दोन अटी आहेत. कर शून्य हवाच, शिवाय ज्या व्याजासारख्या उत्पन्नांसाठी वर्षभरात असे फॉर्म देता त्यांची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत हवी. ही मर्यादा नव्या करप्रणालीत ४ लाख, जुनीत २.५ लाख. ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ हे सवलतीमुळे घडतं, ती मूळ मर्यादा नव्हे. लोक नेमके इथे घसरतात.

गावाकडची जमीन विकून आलेल्या पैशांतून पतीच्या आणि पत्नीच्या नावावर प्रत्येकी ६० लाखांची एफडी आहे असं समजा. दर ७ टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात, दोघांना दुसरं उत्पन्न नाही. प्रत्येकाचं वर्षाचं व्याज ४,२०,००० रुपये. पती ६१ वर्षांचे आहेत. सवलतीनंतर त्यांचा कर शून्य, म्हणून १५एच देता येतो आणि व्याज पूर्ण मिळतं. पत्नी ५७ वर्षांच्या. त्यांचाही कर सवलतीनंतर शून्यच, पण व्याज ४ लाखांच्या वर असल्यामुळे १५जी देता येत नाही. त्यांचे ४२,००० रुपये टीडीएसमध्ये जातात आणि रिटर्न भरून परत मिळवावे लागतात. कपातच नको असेल तर फॉर्म १३ भरून आयकर खात्याकडून कलम १९७ खालचं प्रमाणपत्र घ्यावं. आणि फॉर्म दिला म्हणून पतीची रिटर्नमधून सुटका नाही: त्यांचं उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे, म्हणजे कर शून्य असला तरी रिटर्न भरणं बंधनकारक.

१५जी जिथे खरोखर चालतो तिथेही तो भरताना रकाने चुकतात. ५२ वर्षांची एक महिला शिवणकामातून वर्षाला ९०,००० कमावते. तिची एका बँकेत १६ लाखांची आणि दुसरीत १२ लाखांची एफडी आहे, दोन्ही ७ टक्क्यांनी. व्याज अनुक्रमे १,१२,००० आणि ८४,००० रुपये, एकूण उत्पन्न २,८६,०००. दोन्ही अटी बसतात. पहिल्या बँकेच्या फॉर्मवर रकाना १६ मध्ये, म्हणजे ज्या उत्पन्नासाठी ही घोषणा आहे तिथे, १,१२,००० येतील. रकाना १७ मध्ये वर्षाचं एकूण अंदाजे उत्पन्न २,८६,०००. इथे पुष्कळ जण फक्त व्याज लिहितात आणि शिवणकामाचे पैसे राहून जातात. रकाना १८ आधी दिलेल्या फॉर्मसाठी, तिथे शून्य. दुसऱ्या बँकेत रकाना १६ ला ८४,०००, रकाना १७ ला पुन्हा तेच २,८६,०००, आणि रकाना १८ ला फॉर्मची संख्या १, रक्कम १,१२,०००. हा शेवटचा रकाना कोरा सोडू नये, कारण सगळ्या बँकांची बेरीज मर्यादेत आहे हे दाखवणारी जागा तीच. जाणूनबुजून खोटी घोषणा केली तर कलम २७७ खाली दंडासह कैदेची तरतूद आहे, आणि जबाबदारी सही करणाऱ्याची असते, फॉर्म भरून देणाऱ्या क्लार्कची नाही.

आता मार्चचं. टीडीएस वर्षाअखेरीला एकदम कापला जात नाही, व्याज जमा होईल तसा कापतात. याच महिलेने पहिल्या बँकेत ऑगस्टमध्ये फॉर्म दिला असता, तर एप्रिल-जूनच्या २८,००० व्याजातले २,८०० रुपये तोवर गेलेले असते. बँक ती रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करते, त्यामुळे ती शाखेत मागून उपयोग नाही. तेवढ्यासाठी रिटर्न भरावं लागतं. व्याज मुदतीअखेर एकदम मिळणाऱ्या एफडीतही हेच होतं. हातात रुपयाही आलेला नसताना जमेस धरलेल्या व्याजातून टीडीएस जातो, आणि मुदत संपल्यावर पावतीवरच्या रकमेपेक्षा कमी पैसे आले की मग ते कळतं. म्हणून फॉर्म एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच द्यावा, आणि वर्षाच्या मधेच नवी एफडी काढली तर ती आधीच्या फॉर्ममध्ये धरली गेली का हे शाखेत विचारावं.

फॉर्म घेतला जाऊनही कपात सुरूच राहिली तर आधी पॅन बघावा. बँकेत पॅन नोंदलेला नसेल तर घोषणा ग्राह्य धरत नाहीत आणि टीडीएस २० टक्क्यांनी जातो. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तरी तीच गत. दुसरं कारण संयुक्त खात्याचं: टीडीएस पावतीवरच्या पहिल्या नावाच्या पॅनवर कापला जातो, म्हणून दुसऱ्या नावाच्या व्यक्तीने दिलेल्या फॉर्मचा उपयोग होत नाही. फॉर्म देताना पोच घ्यावी आणि तिमाही संपल्यावर फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, आयकर खात्याच्या पोर्टलवर उघडून बघावा. त्यात १५जी/१५एच वाल्या व्यवहारांचा वेगळा भाग असतो. त्या बँकेचं व्याज तिथे शून्य कपातीसह दिसलं, तर घोषणा नोंदली गेली आहे.