डू-डज-डिड खोडायला सांगणारी ती ट्रिक मुलांचे मार्क घालवते

"इंग्लिश रिकाम्या जागांची सोपी ट्रिक!! आधी वाक्याचं मराठी करा. 'आहे' आलं की ॲम-इज-आर. 'नाही' आलं की डोन्ट-डझन्ट-डिडन्ट. पुढच्या क्रियापदाला ईडी दिसला की डोळे झाकून हॅव-हॅज. आणि नाही किंवा प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्यात डू-डज-डिड कधीच येत नाही, ऑप्शनमध्ये दिसला तर खोडा. सगळ्या ग्रुपवर टाका, परीक्षा जवळ आली."

कोल्हापुरातल्या पालकांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर हे फिरतंय आणि मुलं ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. मी इंग्लिश शिकवतो, रोज ह्याच रिकाम्या जागा तपासतो, आणि ह्या ट्रिकनं सोडवलेला पेपर लगेच ओळखू येतो कारण चुका सगळ्यांच्या सेम असतात.

सुरुवात 'आहे'पासून करू. "मला ताप आहे" ह्याचं इंग्लिश "आय हॅव अ फीवर". "तिच्याकडे स्कूटर आहे" म्हणजे "शी हॅज अ स्कूटर". "पाहुणे आलेत" म्हणजे आले आहेत, तिथं "द गेस्ट्स हॅव कम". आणि "मला माहीत आहे" ह्यात तर मदतीला कुणीच लागत नाही, नुसतं "आय नो". चारही वाक्यांत आहे आहे, पण ॲम-इज-आर एकातही नाही. मराठीवरून ठरवायला गेलं की "आय ॲम नो" लिहिणारी मुलं तयार होतात आणि मग त्यांना वाटतं आपल्याला इंग्लिश येतच नाही, खरं तर त्यांना बघायची जागा चुकीची दाखवलेली असते.

बघायचं असतं रिकाम्या जागेनंतरच्या क्रियापदाकडं. पुढे आयएनजी असेल तर बी घराण्यातलं, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर. पुढे साधं पहिलं रूप, ज्याला क्लासमध्ये व्ही-वन म्हणतात, असेल तर डू, डज, डिड. पुढे तिसरं रूप म्हणजे व्ही-थ्री असेल तर हॅव घराणं किंवा बी घराणं, त्यातलं कुठलं ते खाली सांगतो. आणि पुढे क्रियापदच नसेल, नुसतं विशेषण किंवा नाम असेल, तर रिकाम्या जागेत मदतनीस नाही तर मेन क्रियापदच पाहिजे असतं, "द मिसळ ____ हॉट" मध्ये इज येतं ते असं. फक्त एक काळजी घ्यायची, मधे नॉट, स्टिल, ऑलरेडी, नेव्हर, युज्वली असले शब्द आले तर ते ओलांडून पुढे बघायचं, आणि प्रश्न असेल तर कर्ताही ओलांडायचा. "____ शी फिनिश्ड हर वर्क?" ह्यात शी ओलांडली की फिनिश्ड दिसतं, मग हॅज.

आता 'नाही'. ह्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त मार्क जातात. "तो येत नाही" म्हणजे "ही डज नॉट कम". "तो येत नाहीये" म्हणजे "ही इज नॉट कमिंग". "तो अजून आला नाही" म्हणजे "ही हॅज नॉट कम येट". "काल आला नाही" म्हणजे "ही डिड नॉट कम यस्टर्डे". नकार कुठल्याही घराण्याला लागतो, नॉट हा फक्त मदतनीसाच्या पुढं येऊन बसतो आणि मदतनीस कोण हे नॉटनं ठरत नाही. डू फक्त तेव्हा बोलावतात जेव्हा वाक्यात आधीपासून दुसरा मदतनीस नसतो. जुन्या इंग्लिशमध्ये तर "आय नो नॉट" असंही चालायचं, डू शिवाय, आज ते चालत नाही म्हणून डू ला यावं लागतं.

आणि डू आला की काळ आणि एस दोन्ही तो स्वतःकडं घेतो, पुढच्या क्रियापदाला काही उरत नाही. म्हणून "डिड नॉट वेंट" चूक, "डज नॉट हॅज" चूक. हॅव वर तर हमखास घसरतात बघा. "शी ____ नॉट हॅव टाइम" इथं पुढे हॅव म्हणजे व्ही-वन, म्हणून डज. "शी ____ नॉट हॅड टाइम सिन्स मंडे" इथं हॅड हे तिसरं रूप, म्हणून हॅज. दोन्हीत वेळ नाही, दोन्हीत नॉट, उत्तर वेगळं.

इथंच एक खरी अडचण आहे जी फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. कम, रन, बिकम, पुट, कट, शट, हर्ट ह्यांचं पहिलं आणि तिसरं रूप एकच. मग "द बस ____ नॉट कम" एवढंच दिलं तर रूपावरून कळणारच नाही, तेव्हा वेळेचा शब्द शोधायचा. पुढे येट असेल तर हॅज, ऑन संडेज असेल तर डज, यस्टर्डे असेल तर डिड. अमेरिकन बोलण्यात येट बरोबर डिड ऐकू येतं, पोरं रील्समध्ये ऐकून विचारतात, पण आपल्याकडच्या पेपरात तिथं हॅज अपेक्षित असतं.

ईडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त घातक. "द पोलीस ____ क्लोज्ड द रोड" इथं हॅव. "द रोड ____ क्लोज्ड बाय द पोलीस" इथं वॉज किंवा इज. क्लोज्ड तेच, पण पहिल्या वाक्यात कर्ता काम करतोय आणि दुसऱ्यात त्याच्यावर काम होतंय. पोलीस रस्ता बंद करतात, रस्ता कुणाला बंद करत नाही. झटकन ओळखायचं तर व्ही-थ्रीच्या लगेच पुढं कर्म आहे का बघा, द रोड सारखं काही आलं तर बहुतेक हॅव घराणं, काही न येता बाय, इन, यस्टर्डे असं आलं तर कर्त्याकडं परत बघा, त्यानं केलं की त्याला झालं. बहुतेक म्हणतोय कारण गिव्हन, पेड, टोल्ड असल्या क्रियापदांना दोन कर्म असतात. "द फार्मर्स ____ पेड द मनी लास्ट वीक" ह्यात पुढं द मनी आहे तरी उत्तर वेअर, कारण पैसे शेतकऱ्यांना मिळाले, आणि लास्ट वीक आलंय म्हटल्यावर हॅव तसंही बसत नाही. ठरलेली गेलेली वेळ आणि हॅव एका वाक्यात नांदत नाहीत. गॉन चं मात्र सोडून द्या, "द गेस्ट्स आर गॉन" आणि "द गेस्ट्स हॅव गॉन" दोन्ही बरोबर इंग्लिश आहे, तसा प्रश्न आलाच तर दोन्ही ऑप्शन एकत्र आहेत का बघा, असतील तर प्रश्नच सदोष आहे.

बीन आणि बीइंग हे दोन शब्द मात्र पक्के. बीन दिसलं की आधी हॅव घराणं, बीइंग दिसलं की आधी बी घराणं. "ही ____ बीन वेटिंग" मध्ये मुलं लांबचं आयएनजी बघून इज लिहितात, पण रिकाम्या जागेला चिकटलेला शब्द बीन आहे, म्हणून हॅज.

आता एक पूर्ण उतारा सोडवून दाखवतो, आमच्या पोरांना मी हाच देतो कारण विषय त्यांनी डोळ्यानं बघितलाय.

"इट ____ नॉट रेन्ड सिन्स मॉर्निंग, बट द पंचगंगा ____ स्टिल रायझिंग. द ब्रिज ____ बीन क्लोज्ड. माय अंकल ____ नॉट बिलीव्ह इट. ही सेज द वॉटर ____ नॉट युज्वली कम धिस फार इन जुलै. बट इट ____ कम इन 2021."

पहिली जागा, नॉट ओलांडून रेन्ड, पाऊस स्वतः पडतो त्याला कुणी पाडत नाही, शिवाय सिन्स आहे, म्हणून हॅज. ट्रिकवाले इथं "डिड नॉट रेन्ड" लिहितात. दुसरी, स्टिल ओलांडून रायझिंग, म्हणून इज. तिसरी, बीन, आणि ब्रिज एकच, म्हणून हॅज. चौथी, बिलीव्ह व्ही-वन आहे आणि अंकल एकच, म्हणून डज. पाचवीत कम आलंय, रूपावरून कळत नाही, पण युज्वली सांगतंय की ही नेहमीची गोष्ट, म्हणून डज.

सहावीत नॉट नाही, प्रश्नचिन्ह नाही. ट्रिकप्रमाणे डिड खोडायचा. मग उरतं काय? वॉज लिहिलं तर "वॉज कम" होतं, जे इंग्लिशच नाही. हॅज लिहिलं तर रूप जुळतं पण 2021 ही ठरलेली गेलेली वेळ आहे, म्हणून तेही बाद. उरतो तोच खोडलेला डिड. "बट इट डिड कम इन 2021." काका म्हणतायत जुलैत पाणी एवढं येत नाही, आणि पोरगं ठासून सांगतंय, आलं होतं की 2021 च्या जुलैत! जोर देणारा डू तो हाच. सरांनी फी राहिलीय म्हटल्यावर आपण "अहो सर, भरलीय की!" म्हणतो, तिथं इंग्लिशमध्ये "आय डिड पे द फी" येतं.

तो ओळखायच्या खुणा पण पेपरात असतात. ही किंवा शी नंतर क्रियापदाला एस नाही, "शी ____ लिव्ह इन कागल", तर डज. भूतकाळाची वेळ दिलीय आणि क्रियापद मात्र व्ही-वन, "ही ____ वर्क हार्ड लास्ट इयर, व्हॉटएव्हर पीपल से", तर डिड. जवळपास बट, व्हॉटएव्हर पीपल से असं कुणाचं तरी म्हणणं खोडणारं काही असतं. पुढचं क्रियापद व्ही-वनच राहतं, "डिड पेड" आणि "डज लिव्ह्ज" दोन्ही चूक. आणि कुणी घरी आलं की आग्रहानं "डू कम इन", "डू हॅव सम टी" म्हणतात, तेही ह्याच घराण्यातलं, तिथं पण नकार नाही की प्रश्न नाही.

जिथं आधीच इज किंवा हॅव बसलेत तिथं जोर द्यायला डू आणायचा नाही, बोलताना त्याच शब्दावर दाब द्यायचा, "आय ॲम लिसनिंग", "आय हॅव फिनिश्ड". बी च्या शेजारी डू फक्त आज्ञा किंवा विनंतीत येतो, "डोन्ट बी लेट", "डू बी केअरफुल". म्हणून "____ नॉट बी लेट" दिलं तर डू, आणि "ही ____ नॉट लेट" दिलं तर पुढे नुसतं विशेषण आहे, तिथं इज किंवा वॉज.