‘प्रश्न आधी वाचा’ म्हणजे नेमकं काय वाचायचं?

प्रतिक्रिया: सर, आयेल्ट्सच्या लिसनिंगला ‘प्रश्न आधी वाचून ठेवा’ हे सांगायला सोपं आहे. वाचत बसलं की रेकॉर्डिंग पुढे निघून जातं. घरी मला चाळीसपैकी ३३-३४ येतात, क्लासच्या मॉकला २६-२७. इंग्रजी येतं, पण चुका सगळ्या फालतू. तुमच्या सल्ल्याने त्या काही कमी झाल्या नाहीत.
— एक वाचक, विटा

उत्तर: नमस्कार. आवाज चालू असताना नवा प्रश्न वाचायला जायचंच नाही. दोन्ही कामं एकदम होत नाहीत, आणि ती करू पाहणाऱ्याचं एक उत्तर जातंच. वाचन उरकायचं ते रेकॉर्डिंग गप्प असताना.

तो वेळ कुठून काढायचा? प्रत्येक भागाआधी प्रश्न बघायला थोडा वेळ मिळतोच. शिवाय भाग संपला की उत्तरं तपासायला अर्धा मिनिट देतात. कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी वेगळी १० मिनिटं असतात, स्पेलिंग तेव्हा बघता येतं. म्हणून तो अर्धा मिनिट सरळ पुढच्या भागाला द्या. संगणकावरच्या परीक्षेत मात्र शेवटी तपासायला २ मिनिटंच असतात, म्हणजे एका उत्तराला ३ सेकंद. तिथे टाइप करतानाच शब्द नीट लिहायचा, भाग संपल्यावर एक नजर फिरवायची आणि लगेच पुढे जायचं.

आता काय वाचायचं ते. अख्खं वाक्य नको. रिकाम्या जागेच्या आधीचे-नंतरचे दोन-तीन शब्द आणि त्या ओळीतली अट, एवढं पुरे. समजा पहिल्या भागात हॉल भाड्याने घ्यायचा फॉर्म आहे. एका ओळीत शनिवारचं भाडं विचारलंय, खालच्या ओळीत ‘स्वतःचे काय आणायचे’ असं आहे, आणि वर सूचना आहे ‘वन वर्ड अँड/ऑर अ नंबर’.

रेकॉर्डिंगमध्ये बाई सांगतात की पूर्वी भाडं ६० पौंड होतं, जानेवारीपासून ७५ केलंय. मग विचारतात, तुम्हाला शनिवार हवाय ना? मग ९०. ज्याने ओळीत फक्त पौंडाची खूण बघितली तो ६० ऐकताच लिहून मोकळा होतो. ‘शनिवार’खाली रेघ मारलेली असेल तर हात आपोआप थांबतो. पहिला आकडा ऐकला तर लिहा, पण पेन्सिलीने, बारीक. बोलणं पुढच्या ओळीच्या विषयावर गेलं की मगच तो पक्का धरा.

मग त्या म्हणतात, टेबलं-खुर्च्या आहेत, पण ‘लार्ज टेबलक्लॉथ्स’ तुम्हीच आणा. इथे दोन तऱ्हेने मार्क जातो. ‘लार्ज’सकट लिहिलं तर शब्दमर्यादा मोडली. ‘टेबलक्लॉथ’ लिहिलं तर शेवटचा एस गेला. हा एस आपल्याकडची मुलं फार खातात, आणि त्यामागे कारण आहे. आपण बोलताना ‘चार टॉवेल’, ‘दोन बॉक्स’, ‘तीन ग्लास’ म्हणतो, इंग्रजी शब्दाचं रूप बदलत नाही. कानावर एस पडतो, पण हात सवयीने मराठीतलं रूप लिहितो. म्हणून वाचतानाच जागेजवळ खूण करा. आधी ‘अ’ किंवा ‘अॅन’ असेल तर एकवचन. ‘मेनी’, ‘सम’, आकडा किंवा काहीच नसेल तर एसकडे कान ठेवा.

नाव-पत्ता सांगताना अक्षरं सुटी म्हणतात. तिथे ए आणि ई, तसंच जी आणि जे यांची गल्लत होते. आकड्यात थर्टीन आणि थर्टी यांचा आघात ऐका: तेरामध्ये जोर शेवटी येतो, तीसमध्ये सुरुवातीला.

ऐकताना नजर कायम दोन ओळींवर हवी, चालू आणि पुढची. उत्तरं प्रश्नांच्याच क्रमाने येतात. पुढच्या ओळीतला शब्द किंवा त्याच अर्थाचं दुसरं काही कानावर आलं, की मागचं गेलं असं समजा आणि सोडून द्या. एक हुकलेलं आठवत बसल्यामुळेच सलग तीन जातात. ती जागा शेवटी अंदाजाने भरा, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो, दहाही प्रश्न सुरुवातीलाच बघावे लागतात. तिथे ओळींपेक्षा शीर्षकं आधी वाचा, म्हणजे वक्ता कुठल्या मुद्द्यावर आलाय ते हरवत नाही.

घरच्या आणि मॉकच्या मार्कांतल्या फरकाबद्दल. घरी मोबाइलवर ऐकताना तुम्ही मध्ये थांबवता का, किंवा दहा सेकंद मागे जाता का, ते आधी बघा. तसं असेल तर ३३ हा आकडा धरू नका. मोबाइल हाताला लागणार नाही असा लांब ठेवा आणि चारही भाग सलग चालू द्या. नंतर प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा: आकडा, एस, स्पेलिंग, मर्यादा, की हुकलं. पाच पेपरांच्या अशा नोंदी इथेच टाका. ‘हुकलं’ जास्त निघालं तर पुढच्या ओळीवर नजर ठेवण्याचाच सराव लागेल, आणि एस-स्पेलिंग जास्त निघालं तर तपासायची पद्धत बदलावी लागेल. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.