"फोटोत काहीच केलेलं दिसत नाही," म्हणे!

काल रात्री दीड वाजता घराचा फोटो साफ करून पाठवला. सकाळी घरं विकणाऱ्या एजंटसाहेबांचा फोन. "दादा, यात काही केलेलं दिसतच नाही. १५०० कसले? ३०० घ्या."

अहो, दिसत नाही हेच तर काम होतं!

गुहागरचं घर. पश्चिमेची भिंत उघड्या जांभ्या चिऱ्याची, चिऱ्यांमधल्या फटी म्हणजे दर्जा भरलेल्या, गिलावा नाही. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानासाठी फोटो, आणि त्यात दाराशेजारी मीटरची पेटी, कोपऱ्यात पन्हळीचा पीव्हीसी पाइप आणि खिडकीखाली एसीचं आउटडोअर युनिट. "एवढं तीन काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे." हे दोन मिनिटांचं वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाला मला एकदा माझ्या खुर्चीत बसवायचंय.

मीटरची पेटी खरंच दहा मिनिटांत गेली, कारण दाराभोवती तेवढा पांढरा गिलावा होता. चिऱ्याचं तसं नसतं. प्रत्येक चिऱ्याची भोकं वेगळी, रंग वेगळा, कुठे गेरूसारखा लाल, कुठे पिवळट. तिथे फोटोशॉपचं Content-Aware Fill चालवा आणि बघा काय होतं: शेजारचाच चिरा उचलून आणतो आणि आडवी दर्ज मध्येच तुटते. मग एकेक चिरा हाताने बसवायचा. वर रिकामा लेयर, Clone Stamp, Sample मध्ये Current & Below, आणि दगड घ्यायचा तो त्याच थरातला. वरच्या थरातला घेतला तर चालत नाही, कारण फोटो तिरका काढलाय, थर लांब जाताना बारीक होत जातात. एकच चिरा दोनदा वापरला की त्यातली तीच तीन भोकं दोन ठिकाणी दिसतात, आणि एकदा दिसली की नजर दुसरीकडे जात नाही. म्हणून फोटो आडवा उलटा करून बघतो. उलटा केला की सवयीची नजर मोडते आणि चोरी पकडली जाते.

युनिट गेलं. सावली राहिली!

फोटो जानेवारीत दुपारी चार वाजता काढलेला. ऊन उजवीकडून, म्हणून युनिटची सावली डावीकडे खाली, तिरकी, चांगली पाच-सहा चिऱ्यांवर पसरलेली. डबा नाही आणि भिंतीवर डब्याची सावली! लोक म्हणतात, सावली उजळ करा. केली. सावलीतल्या भागावर उजेड फक्त आभाळाचा, म्हणून उजळ केल्यावर चिरा निळसर, मेल्यासारखा दिसतो, आणि सावलीच्या कडेला बारीक रेघ उरते ती वेगळीच. शेवटी तेही सगळे चिरे काढून उन्हातले बसवले. त्याखाली एसीचं पाणी ठिबकून आलेला शेवाळाचा हिरवा ओघळ, ब्रॅकेटच्या गंजाचे दोन डाग. तेही काढले. साडेतीन तास फक्त त्या एका डब्यापायी.

आणि हेच घर सकाळी नऊला टिपलं असतं, तर ती भिंत पूर्ण सावलीत असती, युनिटची कडक सावली पडलीच नसती, काम तासाभरात उरकलं असतं. पण सकाळी नऊला यांना कुणी सांगायचं? सकाळी साहेब चहा पीत असतात.

पाइपाचं तर बोलूच नका. "पाइप काढा, पन्हळ राहू दे." अहो, मग पन्हळीचं तोंड कुठे उघडतंय? कोपऱ्यात पन्हळीच्या टोकाला खाली वळलेला एल्बो तसाच लोंबत होता. पागोळीचं पाणी कुठे जातं हे कोकणात शेंबडं पोरसुद्धा बघतं. तो एल्बो काढून पन्हळीचं टोक बंद केल्यासारखं रंगवलं. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच केलं, कारण माझ्या हातून तसं अर्धवट जाणार नाही.

मूळ फोटोसुद्धा व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किती वेळा सांगायचं? चिऱ्याची भोकं चिखलासारखी एक झालेली, त्यातून मी काय क्लोन करणार? तीनदा मागितला तेव्हा चौथ्यांदा आला. गेल्या वर्षी दापोलीच्या घराला हेच, त्याआधी मालवणला हेच. शिवाय मालवणवाल्याला घरासमोरचा विजेचा खांबही काढून हवा होता. तो मी काढला नाही. पेटी घरमालक उद्या हलवू शकतो, एसी काढून नेऊ शकतो. खांब तिथेच राहणार, आणि ज्याने पैसे मोजले त्याने पहिल्या दिवशी खिडकी उघडून तोच बघायचा? हे माझ्याकडून होणार नाही.

आता ३०० म्हणे. काहीच केलेलं दिसत नाही म्हणे.

मी त्यांना त्यांचा मूळ फोटो परत पाठवलाय. सावलीसकट, शेवाळासकट, लोंबत्या एल्बोसकट. माझी फाइल माझ्याकडे राहील. छापा तो. पहिल्या पानावर छापा.