पाकीट नको, हे कार्डावर छापून भागत नाही

आमच्या रिसेप्शनला भर मे महिन्याच्या उकाड्यात जे जे आले, मुंबईहून कोकण रेल्वेत उभ्याने आले, वाडीतून चालत आले, त्या सगळ्यांचे आम्हा दोघांकडून मनापासून आभार. वडे-सागोती पुरली, सोलकढी मात्र शेवटच्या पंगतीला पातळ झाली, ते सांभाळून घ्या.

आता पाकिटांबद्दल. बरेच जण विचारतायत की खरंच का घेतली नाहीत, आणि काही जण थोडे रागावलेतही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ आपल्याकडे कोणी खरी मानत नाही. मानायची तरी कशी? कार्डावर ओळ असते आणि हॉलच्या दाराशी टेबल, टेबलावर वही, वहीमागे पेन घेऊन बसलेले एक काका! त्यामुळे ओळ वाचूनही माणूस एकशे एकाचं पाकीट खिशात टाकूनच निघतो. आम्ही टेबल आणि वही ठेवलीच नाही. बाबा कार्ड द्यायला घरोघर गेले तेव्हा प्रत्येक ओटीवर तोंडाने सांगून आले, “पाकीट आणू नका, आणलात तर पोरगा घेणार नाही.” छापील ओळीपेक्षा हे जास्त लागू पडलं.

तरी खरी अडचण वेगळीच निघाली. आहेर म्हणजे नुसती भेट नाही, तो हिशेब असतो. आमच्या घरात आत्याच्या लग्नापासूनच्या वह्या आहेत. कोणाकडे लग्नाला जायचं झालं की आई आधी वही काढते, त्यांनी आपल्याला किती घातले होते ते बघते आणि त्यात थोडी भर घालून पाकीट भरते. आता ज्यांच्याकडे बाबांनी वर्षानुवर्षं पाकिटं दिली, त्यांना फेडायची संधी आमच्याच लग्नात होती, आणि ती मी बंद केली. शेजारचे काका बाबांना म्हणालेच, “तू माझ्या चेडवाच्या लग्नात पाकीट दिलंस. ता मी कधी फेडूचा?” बाबा म्हणाले, “इलंस, जेवलंस, फिटला सगळा.” काकांना काही ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. घेणं नाकारताना आपण समोरच्याला कायमचं देणेकरी करून ठेवतो, हे मोठेपणाच्या भरात लक्षात येत नाही.

म्हणून एक ठरवलं, नकार सगळ्यांना सारखा. मुंबईच्या साहेबाचं पाकीट परत आणि वाडीतल्या माणसाचं ठेवून घेतलं, किंवा उलट, तर दोन्हीकडे मान दुखावतो. अपवाद फक्त मामाचा आणि घरच्या माणसांचा कपड्यांचा आहेर. तो लग्नविधीतच झाला, रिसेप्शनला त्याचा संबंध नव्हता.

स्टेजवर माणूस रिकाम्या हाताने चढायला अवघडतो, ही दुसरी गोष्ट. हात खिशाकडे जातोच. त्यावर माझ्या बहिणीने उपाय काढला. स्टेजच्या पायरीशी ती अक्षतांची परात घेऊन उभी राहिली आणि येईल त्याच्या हातात चार-चार दाणेच ठेवत गेली. एरवी रिसेप्शनला अक्षता नसतात, पण हातात अक्षता आल्या की पुढे काय करायचं ते कोणाला शिकवावं लागत नाही. दोन्ही डोक्यांवर टाकायच्या, आशीर्वाद द्यायचा, फोटो, उतरायचं. आज्या तर थांबून दोन शब्द बोलल्या, जे पाकीट देण्याच्या घाईत कोणी बोलत नाही. तांदळाला कुंकू लावताना पाणी जेमतेम घ्या मात्र. आमच्या पहिल्या घाण्यात जास्त झालं आणि बायकोच्या शालूवर लाल ठिपके पडले. मूठभर तर कोणालाच देऊ नका, तांदूळ वाया जातात आणि स्टेजवर पाय घसरतो.

यात कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. मांडव, जेवण, बँजो यांचा खर्च कित्येक घरांत आहेरावरच निभावतो, आणि वाडीने मिळून एका घराचं लग्न उभं करायची ती चांगली रीत आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी बिनधास्त घ्यावा. आम्ही दोघं कमावतो, खर्च आधीच बाजूला काढला होता, म्हणून आम्हाला नको म्हणता आलं. तुमच्या घरच्या लग्नाला मी पाकीट घेऊनच येईन. फक्त वहीत माझ्या नावापुढे ‘फेड नको’ लिहा.

एवढं करूनही काही पाकिटं आलीच. कोणी फोटोच्या वेळी कोटाच्या खिशात सरकवलं, कोणी चक्क अक्षतांच्या परातीत तांदळाखाली ठेवलं. नावं होती ती आईबाबा घरी जाऊन परत करून आले, प्रत्येकाकडे चहा झाला. वरचा चिकटवलेला रुपया तेवढा शकुन म्हणून ठेवून घेतलाय. एकावर मात्र नाव नाही. पिवळं पाकीट आहे, मागे हळदीचं बोट उमटलंय. ज्यांचं असेल त्यांनी आत किती होते ते मला इनबॉक्समध्ये सांगा. गणपतीपर्यंत कोणी सांगितलं नाही तर ते ग्रामदेवतेच्या पेटीत जाईल.