टोकनच्या चेकवर कादंबरी मिळत नाही

"कादंबरीवर सिनेमा करायचाय? प्रकाशकाला फोन लावा, हक्क त्याच्याकडेच असतात. लेखकाला दहा हजारांचं टोकन द्या, स्टॅम्पपेपरवर सही घ्या, पूर्ण किंमत प्रोड्युसर मिळाला की ठरवा. मग सिनेमा कधीही काढा, गोष्ट हवी तशी फिरवा. एकदा सही केली की लेखक काही करू शकत नाही."

हा मजकूर मला तीन जणांनी पाठवला. तिसरा नागपूरचाच एक तरुण दिग्दर्शक. धरमपेठेत राहणाऱ्या एका ज्येष्ठ लेखकांची कादंबरी त्याला हवी होती, आणि टोकनचा चेक त्याने लिहूनही ठेवला होता. मी वकील आहे, असे करार माझ्या टेबलावर येतात. म्हणून उत्तर त्याच्याच प्रकरणावरून देतो.

मी त्याला आधी पुस्तक आणायला सांगितलं. प्रकाशकाला पुस्तक छापायचा हक्क मिळाला म्हणजे सिनेमाचाही मिळाला, असं होत नाही. कॉपीराइट मुळात लेखकाचा, आणि त्यातलं जेवढं लेखी दिलं तेवढंच बाहेर जातं. आमच्या लेखकांच्या प्रकाशन करारात फक्त मराठी पुस्तकाच्या आवृत्त्यांचा उल्लेख होता. काही करारांत दृक्-श्राव्य हक्क किंवा त्यातला वाटा प्रकाशकाकडे गेलेला असतो, त्यामुळे तो कागद प्रत्यक्ष वाचल्याशिवाय पुढे सरकू नये. आम्ही तरीही प्रकाशकाकडून 'या कादंबरीच्या चित्रपट हक्कांवर आमचा दावा नाही' असं दोन ओळींचं पत्र घेतलं.

खरी मेख शीर्षकपानाच्या मागे होती. तिथे © च्या पुढे लेखकांच्या पत्नीचं नाव. मराठी पुस्तकांत हे सर्रास दिसतं. "सर, हक्क काकूंना लिहून दिले होते का?" असं विचारल्यावर ते हसले. "लिहून कसलं देतो बाप्पा! पहिली आवृत्ती निघाली तेव्हा हौसेनं नाव टाकलं." लेखी हस्तांतर नसेल तर नुसत्या त्या ओळीने हक्क जात नाहीत, पण उद्या वाद उकरायला ती पुरते. म्हणून करारावर दोघांच्याही सह्या घेतल्या, आणि हा करार वारसांनाही बांधील राहील असं लिहिलं. लेखक पंचाहत्तरीचे होते. ते वाक्य त्यांच्यासमोर वाचताना मला अवघडल्यासारखं झालं, त्यांना नाही.

आता पैशाचं. ऑप्शन म्हणजे विक्री नव्हे. ठरलेल्या मुदतीपर्यंत लेखक हे हक्क दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि त्या मुदतीत आपण ठरलेली रक्कम दिली तर हक्क आपल्याला द्यावेच लागतील, एवढंच त्यात विकत मिळतं. म्हणून 'किंमत नंतर ठरवू' हे वाक्य सगळा करारच पोकळ करतं. जी किंमत ठरलेलीच नाही ती देऊन हक्क मागणार कसे? अनिश्चित करार रद्दबातल ठरतो, हे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 29 मध्येच आहे. शिवाय प्रोड्युसर मिळाल्यावर लेखकाने पन्नास लाख मागितले, तर अडवायला हातात काही उरत नाही.

आम्ही असं ठरवलं: बारा महिन्यांचा ऑप्शन, साठ हजार रुपये. हक्कांची किंमत मंजूर बजेटच्या अडीच टक्के, पण सहा लाखांहून कमी नाही आणि पंधरा लाखांहून जास्त नाही. ऑप्शनचे साठ हजार त्यातून वजा होणार. म्हणजे बजेट तीन कोटींचं झालं तर साडेसात लाखांतून साठ हजार गेले आणि सहा लाख नव्वद हजार द्यायचे राहिले. मुदत एकदाच सहा महिन्यांनी वाढवता येईल, त्याचे चाळीस हजार, आणि ते मात्र वजा होणार नाहीत. दिग्दर्शकाला हे खटकलं. पण ते सहा महिने लेखकाने हातातलं पुस्तक अडकवून ठेवायचं, त्याचाच हा मोबदला असतो.

मुदत संपायची होती 31 जुलैला. वाढीसाठी लेखी नोटीस आणि पैसे, दोन्ही त्या दिवसाच्या आत पोचायला हवेत असं कलम होतं. पठ्ठ्याने 30 तारखेला व्हॉट्सॲपवर 'सर, ऑप्शन वाढवतोय' एवढंच टाकलं आणि पैसे पाठवले 4 ऑगस्टला. ऑप्शन संपला होता. अशा करारात तारखेला सवलत नसते, कारण तारीख हाच त्याचा गाभा असतो. लेखकांनी पैसे परत केले. नवा करार झाला, बारा महिन्यांना पंचाहत्तर हजार. जुने साठ हजार नव्या हिशेबात धरले नाहीत.

स्टॅम्पपेपरबद्दल फार बोलायला नको. मुद्रांक भरावाच, पण त्याने हक्क तयार होत नाहीत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 ला लेखी मजकूर, हक्क देणाऱ्याची सही, आणि त्या मजकुरात नेमकी कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला हे लागतं. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

'कधीही काढा' मधली गंमत त्याच कलम 19 मध्ये आहे. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर हस्तांतर संपुष्टात येतं, करारात वेगळं नमूद केलं नसेल तर. म्हणजे कुणी पूर्ण पैसे भरून हक्क घेतले आणि शूटिंग चौदा महिन्यांनी सुरू केलं, तर हातात काहीच नसल्याची शक्यता. आम्ही नमूद केलं: हक्क घेतल्यापासून पाच वर्षांत चित्रीकरण सुरू व्हायला हवं, नाहीतर हक्क लेखकाकडे परत, पैसे परत मागायचे नाहीत.

राहिली गोष्ट फिरवण्याची. कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यावरही लेखकाचं नाव आणि कृतीची अब्रू त्याच्याकडेच राहते. प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाली तर तो कोर्टात जाऊ शकतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी गेल्या होत्या. आपल्या कादंबरीचे चित्रपट हक्क त्यांनी स्वतः दिले होते, तरी 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा हा अधिकार मान्य केला. पडद्यासाठी लागणारे फेरफार करायला परवानगी असली, तरी मूळ कृती ओळखू येणार नाही इतकं बदलायची मोकळीक त्यात नसते.

यावर घासाघीस सगळ्यात जास्त झाली. लेखकांना प्रत्येक प्रसंगावर संमती हवी होती. तेवढं मान्य केलं तर एकही प्रोड्युसर पैसे लावणार नाही, हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. शेवटी असं ठरलं: पटकथा त्यांना वाचायला द्यायची, पंधरा दिवसांत ते लेखी सूचना देतील, अंतिम निर्णय दिग्दर्शकाचा. फक्त दोन गोष्टींना त्यांची लेखी संमती लागेल. कापूस पिकवणारी विधवा शेवटी गाव सोडत नाही, तो शेवट. आणि तिच्या तोंडची वऱ्हाडी. चित्रपट बघून पटला नाही तर श्रेयनामावलीतून नाव काढायला सांगायचा हक्कही त्यांनी राखून ठेवला.

पहिल्या खर्ड्यावर अकरा सूचना आल्या. आठ भाषेच्या होत्या. एका पानावर पेन्सिलने गोल करून लिहिलं होतं, "ही बाई 'का बरं' नाही म्हणत, 'काऊन' म्हणते." दुरुस्त खर्डा सध्या त्यांच्याकडे आहे, पंधरा दिवस येत्या रविवारी संपतात.