‘मॅडम, एक रेकमेंडेशन हवं होतं’

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला. ‘हॅलो मॅडम, कशा आहात? जॉब चेंज करतोय. लिंक्डइनवर एक छानसं रेकमेंडेशन द्याल का? प्लीज.’ खाली जोडलेले हात, तीन वेळा.

नाव वाचलं आणि चेहरा लगेच समोर आला. कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलावर बसायचा तेही आठवलं. त्याने काम काय केलं, ते मात्र काही केल्या आठवेना.

चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटी सांभाळली. तीन वर्षांपूर्वी सोडलं, आता निगडीत घरी असते. एवढ्या वर्षांत हाताखालून शंभराच्या वर मुलंमुली गेली. बहुतेकांचं भलं व्हावं असं मनापासून वाटतं, त्यामुळे चार ओळी लिहायला माझी ना नसते. पण ‘छानसं’ लिहायचं म्हणजे काय लिहायचं? अशा वेळी हात आपोआप तीन शब्दांकडे जातो: मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. एकदा मी हे तीन शब्द दोघांसाठी लिहिले आणि ते दोघंही एकाच ठिकाणी इंटरव्ह्यूला गेले. तिथली एचआरवाली माझ्या ओळखीची. फोन करून म्हणाली, ‘अहो, तुमच्याकडे सगळी मुलं एकाच साच्यातून काढता का?’ साच्यातून पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपवालीला हे ऐकून घ्यावं लागलं!

म्हणून आज दुसरा एक मेसेज इथे देतेय. दोन वर्षांपूर्वी आला होता. ज्या मुलाने पाठवला त्याला विचारलंय, नाव न देता टाका म्हणाला. थोडा लांब आहे, पण पूर्ण वाचा.

‘मॅडम नमस्कार. मी २०१९ ते २०२२ तुमच्याकडे इनकमिंग इन्स्पेक्शनला होतो, दोन नंबर गेटच्या बाजूचं टेबल. तळेगावच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझे दोन राउंड झालेत. त्यांना माझ्या जुन्या साहेबांशी फोनवर बोलायचंय. लिंक्डइनवरही तुमच्या चार ओळी असल्या तर बरं होईल.

त्यांना एवढंच बघायचंय की छोट्या व्हेंडरकडून हा माणूस काम करून घेऊ शकतो का. यात तुम्ही स्वतः पाहिलेलं माझं एक काम आहे. २०२१ च्या पावसाळ्यात ब्रॅकेटच्या भोकांना बर येत होती. हजारात चाळीसच्या आसपास नग परत जायचे. तुम्ही मला भोसरीला पाठवलंत, दुसऱ्या खेपेला स्वतः आलात आणि मोशीच्या पुलावर आपण दीड तास अडकलो. व्हेंडरच्या प्रेसला काउंटर नव्हता, म्हणून मी क्रेट मोजायला लावले. एका क्रेटमध्ये ५०० नग, तीस क्रेट झाले की पंच काढून धार. नोव्हेंबरच्या रिपोर्टला हजारात सहावर आलो, त्यावर तुमची सही आहे. शेवटचा नग तारेने जॉब कार्डाला बांधून ठेवायची कल्पना माझी नव्हती, ती टूलरूमच्या काकांची.

माझे रिपोर्ट उशिरा यायचे, त्यावरून तुम्ही मला दोनदा झापलं होतंत. त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा.

फोन १८ ते २२ तारखेमध्ये त्यांच्या एचआरच्या मॅडम करतील, लँडलाइनवरून. जाहिरात सोबत जोडलीय, कामाच्या दोन ओळींखाली रेघ मारलीय. तुम्हाला हे नीट आठवत नसेल किंवा जमणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या साहेबांना विचारेन.’

बर म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगते. प्रेसमधल्या पंचने पत्र्याला भोक पाडल्यावर कडेला जी धारदार कोर राहते ती बर. पंच बोथट झाला की पत्रा कापला जाण्याऐवजी फाटतो आणि ही कोर वाढते. मग बोल्ट नीट बसत नाही आणि कामगाराचं बोटही कापतं. बर डोळ्यांना दिसायला लागल्यावर पंचला धार लावायची, म्हणजे तोवर शेकडो खराब नग निघून गेलेले असतात. या मुलाने धार लावण्याची वेळ नजरेवरून न ठरवता मोजून ठरवली.

आता गंमत बघा. ‘मोशीच्या पुलावर दीड तास’ एवढं वाचलं आणि ती अख्खी दुपार परत आली. पाऊस, गाडीच्या काचेवर साचलेली वाफ, आणि भोसरीला पोचल्यावर वैतागलेला तो व्हेंडर. त्याचं म्हणणं होतं, ‘मॅडम, धार लावायला प्रेस तासभर बंद ठेवली तर माझं पोट कसं भरायचं?’ माणूस खोटं बोलत नव्हता. यावर मी काही बोलायच्या आत या मुलाने विचारलं, ‘काका, दुसरा पंच आधीच धार लावून तयार ठेवला तर?’ मग दोघांनी हिशेब केला. तासाभराचं काम दहा मिनिटांवर आलं. दुसऱ्या पंचाचा खर्च व्हेंडरने उचलावा म्हणून त्याने परत येणाऱ्या नगांचे पैसे कागदावर मांडून दाखवले. आवाज न चढवता.

हे त्याच्या मेसेजमध्ये कुठेही नाही. बहुतेक त्याला ते सांगण्यासारखं वाटलंही नसेल. पण ज्या जागेसाठी तो चालला होता, तिथे नेमकं हेच लागतं. सप्लायर क्वालिटीवाल्याला व्हेंडरवर हुकूम चालवता येत नाही, त्याला पटवावं लागतं. मी लिहिलं ते सगळं या एका प्रसंगावर.

म्हणूनच एका पद्धतीवर माझा राग आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘तूच ड्राफ्ट करून पाठव, मी टाकतो.’ मीही हे केलंय, खोटं कशाला बोलू. साहेबांचा वेळ वाचतो आणि मुलालाही हवं ते मिळतं. पण त्या ड्राफ्टमध्ये मुलाला स्वतःबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच येतं. दुसरा पंच त्यात कधीच आला नसता. शिवाय परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र हवं असेल तर त्यांची लिंक थेट शिफारस करणाऱ्याच्या ईमेलवर येते, आणि उमेदवाराने स्वतःच पत्र लिहिणं तिथे बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तेव्हा लेकरांनो, तयार पत्र पाठवू नका, प्रसंग पाठवा. कधीचा, कुठला, तुम्ही काय केलंत, त्यातलं मी काय पाहिलं. वाक्यं माझी मी जुळवते.

‘मी काय पाहिलं’ याला फार महत्त्व आहे. त्याने नोव्हेंबरच्या रिपोर्टवरच्या माझ्या सहीची आठवण का दिली? कारण सही माझी, म्हणजे तो आकडा मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. मी कारखाना सोडल्यावर त्याने तिथे काय दिवे लावले, ते मला विचारून उपयोग नाही. टूलरूमच्या काकांचं श्रेय त्याने काकांनाच दिलं, त्यामुळे बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसला. आकडे फुगवून आणणारेही भेटतात. एकाने ‘रिजेक्शन शून्यावर आणलं’ असं लिहून पाठवलं होतं. मी त्याला विचारलं, ‘बाळा, शून्य असतं तर मला रात्री दोनला फोन कशाला आले असते?’

मी लिंक्डइनवर इंग्रजीत टाकलं, सार असं:

‘तीन वर्षं हा माझ्या टीममध्ये इनकमिंग इन्स्पेक्शनला होता. २०२१ मध्ये एका छोट्या व्हेंडरकडे बरचा त्रास वाढला होता. याने क्रेट मोजून पंचला धार लावण्याची वेळ ठरवली आणि प्रेस फार थांबू नये म्हणून दुसरा पंच तयार ठेवायला व्हेंडरला राजी केलं. तीन महिन्यांत परत येणारे नग साधारण सातव्या हिश्शावर आले. व्हेंडर सुरुवातीला चिडलेला होता. दिवाळीत त्याने मिठाई पाठवली ती या मुलाच्या नावाने, माझ्या नाही.’

पहिल्या मसुद्यात मी ग्राहक कंपनीचं नाव आणि नेमके आकडेही घातले होते. लिंक्डइनवर तुम्ही लिहिलेलं आधी त्या माणसाकडे जातं, त्याने मान्य केलं तरच ते त्याच्या प्रोफाइलवर दिसतं. बदल हवा असेल तर तो तसं परत कळवू शकतो. याने कळवलं: ‘मॅडम, कस्टमरचं नाव आणि आकडे काढाल का? हे कुणीही वाचू शकतं, आणि ते आकडे आपल्या जुन्या कंपनीचे आहेत.’ क्वालिटी हेड मी, आणि ही अक्कल त्याला! म्हणून वरच्या मजकुरात ‘सातवा हिस्सा’ आलाय.

एक प्रश्न मला नेहमी येतो: ‘कंपनीच्या लेटरहेडवर द्याल का?’ नाही, बाबा. मी आता तिथे नाही, लेटरहेडवर माझा काही हक्क नाही. कंपनीकडून मागायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी एचआर फक्त रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आणि हुद्दा एवढंच देतं. तो अनुभवाचा दाखला झाला. मी जे सांगते ते माझ्या नावावर, माझ्या आठवणीवर.

फोन आला तो १९ तारखेला. लँडलाइनवरून येणार हे आधी कळलं नसतं तर मी उचललाच नसता. अनोळखी नंबर म्हणजे कर्ज, नाहीतर हिंजवडीतला फ्लॅट. त्या बाईंनी सहाव्या-सातव्या मिनिटाला विचारलंच, ‘त्यांची कमकुवत बाजू?’ मी रिपोर्टचं सांगितलं. उशीर का व्हायचा तेही सांगितलं: दिवसभर शॉपवर उभा असायचा आणि लिहायला बसायचा सात वाजता. त्या हसल्या. ‘आमच्याकडे रिपोर्ट टॅबवर भरतात, जागेवरच.’ महिनाभराने त्याचा मेसेज आला, ऑफर लेटर मिळालं म्हणून. माझ्या बोलण्यामुळे मिळालं की नाही, मला ठाऊक नाही. त्याचे दोन राउंड आधीच चांगले झाले होते.

आता गेल्या आठवड्यातला मुलगा. त्याला मी नाही म्हटलं नाही आणि ‘छानसं’ही लिहिलं नाही. तीनच गोष्टी विचारल्या: कुठल्या कामासाठी चाललायस, त्यांना कुठली एक गोष्ट हवीय, आणि ती करताना मी तुला कधी पाहिलं? दोन दिवस निळ्या टिका नुसत्याच दिसत होत्या. काल रात्री साडेदहाला त्याने एक फोटो पाठवला. जुन्या शिफ्ट डायरीचं पान, २०१८, कोपऱ्याला तेलाचा डाग आणि समासात माझ्याच अक्षरात ‘हे कुणी शोधलं?’ खाली त्याने लिहिलं होतं, ‘मॅडम, मी शोधलं होतं. तेव्हा सांगितलं नाही.’

चष्मा लावून वाचतेय आता, नक्की काय शोधलं होतं ते.