भाग घेतो आणि पुन्हा मोकळा होतो
"उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो म्हणता, मग तो संपत कसा नाही?"

तुमची शंका रास्त आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, तिथं हाच प्रश्न आम्ही प्रयोगानं सोडवायचो. औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ५० मिली घ्यायचं आणि त्यात १ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड उत्प्रेरक म्हणून, म्हणजे अभिक्रिया वेगानं घडवायला, टाकायची. लगेच फेस येतो, चंबू कोमट लागतो आणि विझत आलेली उदबत्ती तोंडाशी धरली की रसरसून पेटते.

पूड न टाकता हेच पेरॉक्साइड फुटायला कित्येक महिने लागतात, कारण त्याच्या रेणूतला बंध सुटायला मोठा चढ चढावा लागतो. पूड तोच चढ कमी करत नाही, कमी चढाची दुसरीच वाट देते. आधी मँगनीज एका रेणूकडून इलेक्ट्रॉन घेतं, तेव्हा ऑक्सिजन सुटतो. मग तेच इलेक्ट्रॉन ते दुसऱ्या रेणूला देतं, तेव्हा पाणी होतं आणि मँगनीज पूर्वीच्या रूपात येतं. म्हणजे वापरलं जातं, पण लगेच मोकळंही होतं, म्हणून तोच कण पुढच्या रेणूंना पुन्हा उपयोगी पडतो.

वायू मात्र वाढत नाही. पूड असो वा नसो, एवढ्या पेरॉक्साइडमधून एकूण अर्ध्या लिटरच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो.

शेवटी पूड गाळून तोलायची. मुलं ओलीच तोलायची, मग वजन वाढलेलं दिसायचं; गाळणकागदाला चिकटलेली राहिली की कमी भरायचं. नीट वाळवून, कागदाचं वजन वजा केलं की १ ग्रॅमच्या जवळच येतं.